आमची वाटचाल : वस्तऱ्याच्या धारेपासून मशीनच्या पात्यांपर्यंत

नाशिकच्या गावठाणात आमच्या वडिलांनी धार लावण्याचे दुकान थाटले, तेव्हा शहरातील आणि निफाड, सिन्नरकडच्या सलूनमधून येणारे पोलादी वस्तरे हाच त्यांच्या मिळकतीचा मुख्य आधार होता. 1990 च्या दशकात एड्सच्या धास्तीने प्रत्येक गिऱ्हाइकामागे अर्धे ब्लेड बदलण्याचे वस्तरे रूढ झाले आणि जुन्या वस्तऱ्यांचे काम पाहता पाहता आटले. कात्र्यांवर दुकान तगले. याच सुमारास सलूनवाले विजेवर चालणारी केस कापण्याची मशीनही आणू लागले होते, आणि त्यांची तक्रार जवळजवळ एकाच शब्दात असे : “शेठ, मशीन केस ओढतंय, धार लावून द्या.”

आमच्या धंद्याला वळण लागले ते या तक्रारीची नीट फोड केल्यामुळे. केस ओढणाऱ्या मशीनला बहुतेक वेळा धारेची गरज नसते. खालचे पाते स्थिर असते आणि वरचे पाते त्यावर डावीउजवीकडे घसरते. दोन्हींचे दात एकमेकांना चिकटून सरकले तरच केस कापला जातो. दोन पात्यांच्या मध्ये केसांचा चुरा आणि वाळलेले तेल साचले, की वरचे पाते किंचित उचलले जाते, केस फटीत वाकून अडकतो आणि मुळापासून ओढला जातो. धार उत्तम असूनही हे घडते. शिवाय शाणेवर घेतलेल्या प्रत्येक पात्याचे थोडे पोलाद कायमचे जाते, म्हणून विनाकारण धार लावणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पाते आणि पैसे दोन्ही झिजवणे होय. त्यामुळे आम्ही सफाई-जुळणीचा वेगळा आणि धारेपेक्षा बराच कमी दर ठरवला आणि पाती उघडून पाहिल्याशिवाय धारेचे काम घ्यायचे नाही, असा दुकानाचा शिरस्ता केला. गल्ल्यात त्या वर्षी फरक पडला, हे खरे. पण गिऱ्हाईक टिकले.

कामाची पद्धत सांगायची तर निफाडच्या एका सलूनमालकाचे मशीन उदाहरणादाखल घेता येईल. ऐन जानेवारीत ते आमच्याकडे आले. त्यांचे म्हणणे असे, की सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला मशीन नुसते गुरगुरते, मानेवर केस ओढते आणि थोडा वेळ चालले की आपोआप सुधारते. तेल कोणते घालता, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, “खोबरेल, दुसरं काय?” खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठते आणि निफाडची थंडी तर सर्वांना ठाऊक आहे. रात्रभरात ते तेल पात्यांच्या मध्ये मेणासारखे घट्ट होत होते आणि मशीन तापल्यावर पुन्हा पातळ होत होते. उन्हाळ्यात हेच तेल हळूहळू चिकट राळेसारखे बनते आणि केसांचा चुरा धरून ठेवते.

वायर काढून खालच्या पात्याचे दोन्ही स्क्रू सोडले, तेव्हा वरच्या पात्याच्या मागच्या कडेखाली, म्हणजे टाचेखाली, केसांचा अक्षरशः नमदा बसलेला दिसला. तो लाकडी काडीने उचलला, दोन्ही पाती ताठ ब्रशने दातांच्या दिशेने साफ केली आणि राळ सोडवण्यासाठी पातळ मशीन-तेलात बुडवून पुसून घेतली. पाणी किंवा डेटॉलचे पाणी आम्ही कटाक्षाने टाळतो, कारण दातांच्या खाचांत राहिलेला ओलावा एका रात्रीत तांबेरा आणतो. सलूनमध्ये निर्जंतुकीकरण आवश्यकच असते. त्यासाठी पात्यांचा खास स्प्रे वापरावा, पाते कोरडे करावे आणि मग लगेच तेल द्यावे.

स्वच्छ पाती उजेडाकडे तिरपी धरली, की धारेचा निकाल डोळ्यांनीच लागतो. धार गेली असेल, तर दाताच्या कडेला बारीक चमकती रेघ दिसते. शाबूत कडेवर उजेड थांबत नाही. या पात्यांवर तशी रेघ नव्हती, म्हणून आम्ही ती शाणेवर नेली नाहीत.

यानंतरचे जुळणीचे काम सर्वांत नाजूक असते. वरचे पाते स्प्रिंगच्या दाबाखाली आपल्या जागी बसते. पुढेमागे सरकवायचे असते ते खालचे पाते. बाजूची खिटी सर्वांत बारीक कापण्याच्या स्थितीत ठेवूनच हे करावे, कारण दोन्ही पात्यांची टोके त्या स्थितीत एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात. वरच्या पात्याची टोके खालच्या टोकांपेक्षा साधारण एक मिलिमीटर मागे आणि दोन्ही रेषा समांतर असाव्यात. वरचे पाते पुढे आले, तर कातडी कापते. फार मागे राहिले, तर केस मुळाशी कापले जात नाहीत. तिरपे बसले, तर एकच कोपरा ओढतो. वरच्या पात्याचे दोन्ही टोकांचे दात खालच्या पात्याच्या कडेच्या दातांवर येतात की नाही, हेही पाहावे लागते. मग स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळतो, कारण एकच पूर्ण आवळला तर पाते फिरते आणि सगळी जुळणी वाया जाते.

तेल देताना मशीन चालू ठेवून दात खाली झुकवतो. दातांवर तीन थेंब, टाचेच्या दोन्ही कोपऱ्यांवर एकेक थेंब, आणि वर आलेले तेल फडक्याने पुसणे एवढे पुरे असते. शिलाई मशीनचे पातळ खनिज तेल चालते. सलूनमध्ये हे रोज करावे.

निफाडच्या मशीनचे गुरगुरणे मात्र तेवढ्याने पूर्ण थांबले नाही. ही जुन्या घडणीची मशीन विद्युतचुंबकावर चालतात आणि आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर त्यांचे पाते सेकंदाला 100 फेरे मारते. बाजूचा एक स्क्रू चुंबकाची ओढ कमीजास्त करतो. खडखडाट होईपर्यंत तो आत फिरवायचा आणि आवाज नुकताच थांबेल इतका मागे घ्यायचा. त्यांनी तो संध्याकाळी, शेतीपंपांमुळे व्होल्टेज पडलेले असताना फिरवला होता. सकाळी वीज पूर्ण दाबाने आली, की लोखंडी पट्टी चुंबकावर आदळत होती. व्होल्टेज स्थिर असतानाच हा स्क्रू लावावा, असे आता आम्ही प्रत्येकाला सांगतो. व्होल्टेज पडले की फेरा आखूड होतो, दात एकमेकांना पूर्ण ओलांडत नाहीत आणि मशीन केस ओढते. बॅटरीच्या मशीनमध्ये बॅटरी दुबळी झाली तरी केस ओढले जातात, तिथे मात्र वेग मंदावणे हे कारण असते.

धारेचे काम आम्ही सोडलेले नाही. त्यासाठी सपाट फिरती तबकडी वेगळी बसवली, कारण या पात्यांच्या पोटात मुद्दाम अत्यल्प खोलगटपणा राखलेला असतो, ज्यामुळे फक्त दात आणि टाच एकमेकांना टेकतात. साध्या शाणेवर तो बुजतो आणि पाते सपाट चमकूनही कापत नाही. धार नेहमी दोन्ही पात्यांना एकत्र लावावी लागते. दात तुटलेला असेल, तर आम्ही जोडीच बदलतो. खालच्या पात्याच्या तुटक्या दातातून कातडी आत शिरते.

2020 च्या टाळेबंदीत घरोघरी ट्रिमर घेतले गेले आणि त्यानंतर दुकानात घरगुती मशीनची रांग लागली. त्यांची सफाई, तेल आणि जुळणी आम्ही करतो. परंतु त्यांतील बहुतेक पाती पातळ पत्र्याची असल्याने तबकडीवर टिकत नाहीत आणि नवी जोडी धारेच्या दरात मिळत असल्यास तीच घ्यायला आम्ही सांगतो.