दवाखाना १० ते १७ बंद

५ डिसेंबर २०२५, शुक्रवार

मॅडमच्या भाच्याचं लग्न नागपूरला आहे, त्यामुळे बुधवारपासून दवाखाना बंद. दारावर लावायची पाटी लिहायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तारखा फिरवायला मात्र अख्खी दुपार गेली आणि अजून चार जणी बाकी आहेत.

पाटीचा पहिला कागद मॅडमनीच लिहून दिला होता : "डॉक्टर बाहेरगावी असल्याने दवाखाना १७ तारखेपर्यंत बंद राहील." मी म्हटलं, मॅडम, 'पर्यंत' नको. मागे दिवाळीत असंच लिहिलं होतं, तर निम्म्या बायका शेवटच्या दिवशीच येऊन पायरीवर बसल्या होत्या. आता असं लिहिलंय :

बुधवार १० ते बुधवार १७ डिसेंबर, दोन्ही दिवस धरून, दवाखाना बंद.
गुरुवार १८ डिसेंबरला सकाळी १० वाजता सुरू.
या काळात ज्यांच्या तारखा आहेत त्यांना फोन येईल. सोमवारपर्यंत न आल्यास काउंटरवर विचारावे.

त्याखाली ठळक अक्षरात, मॅडमच्या गैरहजेरीत बाळंतपणं बघणार आहेत त्या हॉस्पिटलचं नाव आणि नंबर. त्याच्याही खाली, कशासाठी थांबायचं नाही ते : अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं. काही दवाखान्यांत पेशंटची नावं आणि नवीन तारखा अशी यादीच दारावर डकवतात. आमच्याकडे ते चालणार नाही. बाईंच्या दवाखान्यात कुणाचं नाव कशासाठी आहे, हे वाचायला गावाला फार वेळ लागत नाही.

आता तारखांचं. नव्या माणसाला वाटतं, आठ दिवस बंद म्हणजे सगळ्यांना आठ दिवस पुढे ढकललं की झालं. तसं केलं तर निम्म्या जणींचं काहीच बिघडत नाही, पण दोघीतिघींचं कायमचं हुकतं. म्हणून फाईली काढून आधी प्रत्येकीचे आठवडे मोजायचे, मगच फोन उचलायचा.

आज सगळ्यात आधी जिची फाईल बाजूला काढली, तिची शेवटची पाळी १४ सप्टेंबरची. एनटी स्कॅनसाठी १२ डिसेंबर दिली होती, म्हणजे १२ आठवडे ५ दिवस. हा स्कॅन ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्याच काळात होतो. बाळाच्या मानेमागे कातडीखाली जे पाणी असतं त्याची जाडी यात मोजतात. पुढे ते पाणी आपोआप ओसरतं, मग मोजायला काही उरत नाही. सोबतचं डबल मार्करचं रक्तही याच मुदतीत घ्यावं लागतं. सरळ आठवडाभर पुढे ढकलली तर १९ तारीख येते, १३ आठवडे ५ दिवस. कागदावर बसतंय. पण पहिल्या सोनोग्राफीत बाळ पाळीच्या हिशेबापेक्षा तीन दिवस पुढे दिसलं होतं. एनटीला पाळीपेक्षा बाळाची लांबी बघतात, डोक्यापासून ढुंगणापर्यंत ८४ मिलीमीटरच्या आत हवी. तीन दिवस पुढे असलेलं बाळ १९ ला त्या रेषेच्या पलीकडे गेलं असतं. मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या, मागे आण. सोमवारी ८ तारखेला बोलावलंय, १२ आठवडे १ दिवस. तिचा नवरा जरा कुरकुरला, सोमवारी त्याच्या गावचा बाजार असतो. मी म्हटलं, दादा, बाजार पुढच्या सोमवारी परत भरेल.

दुसरी एक आहे, तिची एनटीची मुदत नेमकी बंदच्या दिवसांतच संपते. ती नाशिकला माहेरी गेलीय, शनिवारी परत येणार, नंतर पुन्हा जाणार. तिला बाहेरच्या सोनोग्राफी सेंटरला पाठवायचं ठरलं. आमच्याकडे दुसऱ्या डॉक्टरांना बसवून मशीन वापरता येत नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली सेंटरच्या नोंदणीत ज्यांचं नाव आहे त्यांनीच ती सोनोग्राफी करायची. मॅडम नाहीत म्हणजे मशीन झाकून ठेवायचं, विषय संपला. बाहेरच्या सेंटरलाही डॉक्टरांची चिठ्ठी लागते, त्याशिवाय ते फॉर्म भरत नाहीत. ही चिठ्ठी मॅडम जायच्या आधी सही करून घेणं हे माझं काम. मॅडम गाडीत बसल्यावर आठवून उपयोग नाही.

बाकीच्या सोप्या. साखरेच्या तपासणीची एक आहे, तिला २४ आठवडे पूर्ण झालेत. ही तपासणी २८ आठवड्यांपर्यंत करतात, तिला निवांत २० तारीख दिली. तिने विचारलं, उपाशी यायचं का? नाही, आमच्याकडे ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, जेवून आली तरी चालतं. तांबीच्या तपासणीला आलेल्या दोघींना तर मी पुढच्या महिन्यातलीच तारीख दिली.

फोन करताना खरी कसरत तीन महिन्यांच्या इंजेक्शनवालीची. तिची तारीख १३. फाईलवर नंबर घरचा. सासूबाईंनी उचलला. "कशाला बोलावलंय? काय झालंय तिला?" मी म्हटलं, काही नाही काकू, तपासणीची तारीख बदललीय, त्यांनाच सांगायची होती. "मला सांग, मी सांगते." आता घरात कुणाला काय माहीत आहे हे मला कुठे ठाऊक? पाळणा लांबवायचं इंजेक्शन आहे हे माझ्या तोंडून जाणं बरं नाही. संध्याकाळी परत करते म्हणून ठेवला. साडेपाचला तिनेच उचलला, हळू आवाजात. तिला भीती, दिवस गेले तर? हे इंजेक्शन ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी घेता येतं आणि चार आठवडे उशीर झाला तरी चालतं. तिला १८ नाहीतर २० सांगितली. ती म्हणाली, २० द्या, १८ ला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार.

हे माझ्या डोक्यातच नव्हतं! उद्यापन, पुस्तकं वाटायची, सवाष्णी जेवायला, संध्याकाळी हळदीकुंकू. १८ ला सगळ्या बायका येतील म्हणून मी सकाळ-संध्याकाळ खच्चून भरली होती. आता संध्याकाळच्या सगळ्यांना परत फोन. १८ च्या सकाळी फक्त बीपीवाल्या आणि नववा महिना लागलेल्या, बाकीच्या शनिवारी आणि सोमवारी वाटल्या. १९ ला अमावस्या, त्या दिवशी तशीही कुणी येत नाही. मॅडम यावर चिडतात, मी मात्र रजिस्टर बघून तारीख देते.

ज्या दोघींची बाळंतपणाची तारीख या आठवड्यातच पडते, त्यांना मॅडमनी समोर बसवून सांगितलं. त्यांच्या हातात रक्तगटाचा, हिमोग्लोबिनचा आणि शेवटच्या सोनोग्राफीचा कागद दिला. तिकडच्या डॉक्टरांना रात्री दोनला फाईल मागून मिळणार नाही. दवाखान्याची किल्ली मावशींकडे असते आणि मावशी पण गावाला.

राहिलेल्या चौघींपैकी तिघींचे फोन उद्या लागतील. चौथीचा नंबर बंदच येतोय, वस्तीवर रेंज नाही. तिला सातवा महिना, रक्तगट निगेटिव्ह, अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचंय. उद्या सकाळी त्या भागातल्या आशाताईंना सांगते, त्यांची रविवारी तिकडे फेरी असते. सोमवारी आली तर मॅडम असतानाच देऊन टाकू, फ्रिजमध्ये एक व्हायल आहे.