असीरगडाची चूल

वेढ्याच्या गोष्टीत तोफा असतात, फितुरी असते, रात्री दोर लावून तट चढणारे गडी असतात. या सगळ्यांना सकाळी उठून खायला कोण घालत होतं, ते मात्र कोणी लिहून ठेवत नाही. मला कुठल्याही गडावर गेलं की आधी चूल कुठे असेल तेच शोधायची खोड आहे. घरचे वैतागतात.

असीरगड बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर आहे. आज तो मध्य प्रदेशात मोडतो, पण फारुकी सुलतानांच्या काळी साऱ्या खानदेशाचं कुलूप तिथे होतं. १६०० च्या उन्हाळ्यात अकबर बुऱ्हाणपुरात येऊन बसला, बहादूर फारुकी गडावर अडकला आणि वेढा पुढच्या जानेवारीपर्यंत चालला. म्हणजे मधला सगळा पावसाळा, मृगापासून परतीच्या सरींपर्यंत, हजारो माणसांनी त्या डोंगरावर भिजत काढला.

आता गंमत पाहा. गडावर धान्य कमी नव्हतं. गड पडल्यावर मोगलांच्या बाजूच्या लेखकानेच लिहिलंय, की इतक्या माणसांनी इतके महिने खाऊनही कोठारांना हात लागलाय असं वाटत नव्हतं. मग तिथल्या भटाऱ्याला कसली काळजी असेल?

हे मी आमच्याकडच्या एका जुन्या आचाऱ्याला विचारलं. लग्नाच्या पंगती, भंडारे, वरण-बट्टी, सगळं त्यांच्या हातचं. आबा पटकन म्हणाले, "भाऊ, पावसाळ्यात दाणा नाही छळत, जळण छळतं. ओलं लाकूड लावलं की आचारी रडतो आन् भाकर बसते."

तेव्हापासून तो भटारी मला दिसायला लागला. नाव माहीत नाही, त्यामुळे नुसता मामा म्हणू. शिपाई त्याला तेच म्हणत असणार.

श्रावणातली एखादी पहाट घ्या. मामाच्या वाट्याला शंभर माणसं आहेत. रात्रभर तटावर उभे राहून आलेली, घोंगडीतून पाणी निथळतंय, बोटं पांढरी पडलीत. माणशी दोन भाकरी धरल्या तरी दोनशे झाल्या. ज्वारीची भाकर तव्यावर दोन-तीन मिनिटं घेते, म्हणजे एका तव्यावर तासाला वीस-पंचवीस. चार चुली मांडल्या तरी दोन तासांवर वेळ जाणार, आणि तेवढा वेळ चारही चुलींखाली जाळ धडधडता पाहिजे. भाकरीला मंद आच चालत नाही. जाळ धुमसला की ती तव्यावर नुसती वाळते, पदर सुटत नाही, निखाऱ्यापुढे धरली तरी फुगत नाही. खाणारा चावत बसतो आणि शिव्या भटाऱ्याला.

त्यात पीठही पावसाळी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून तर आपण उकळतं पाणी घालून मळतो. दळून आठ-दहा दिवस दमट हवेत पडलं की पिठाची विरी जाते, भाकर थापताना कडेने तुटते. म्हणजे रोजच्या रोज दळण हवं. जात्यावर बसायलाही माणसं लागतात, आणि तटावरून उतरलेल्या माणसाला जात्यावर कोण बसवणार?

मग मामा काय करतो? भाकर सोडून देतो आणि कण्यांवर येतो.

ज्वारी जाडसर भरडायची, त्याला निम्मेही कष्ट नाहीत. रात्रीच कण्या पाण्यात भिजत घालायच्या. सकाळी एका भागाला चार-पाच भाग पाणी, एकच मोठा हंडा, एकच चूल. उकळी येईपर्यंत काय तो जाळ, नंतर लाकडं ओढून घ्यायची, झाकण घट्ट लावायचं आणि निखाऱ्यांवर शिजू द्यायचं. अधूनमधून डाव तळापासून फिरवला नाही तर बुडाला लागतं आणि सगळ्या हंड्याला करपट वास येतो. आंबटाला चिंचेचा कोळ. तिखटाला? इथे मला मामाची दया येते. खानदेशात राहून त्याच्याकडे मिरची नव्हती! अकबराच्या मुदपाकखान्याची मसाल्यांची यादी 'आईन-ए-अकबरी'त आहे. तिच्यात मिरी आहे, आलं आहे, मिरचीचा पत्ता नाही. बादशहाला नाही, तर वेढ्यातल्या भटाऱ्याला कुठून मिळणार? मिरी महाग, म्हणून सुंठेवर भागवायचं.

तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतोच, "मामा, भाकर कधी?"

"सूर्याला विचार," म्हणून मामा हंड्यात डाव फिरवतो.

जळणाची त्याची तजवीज एवढीच, की चुलीच्या वर उंच माचा बांधायचा आणि उद्याची लाकडं आज त्यावर रचायची. धुरा-उबेत ती निदान पेटण्याइतकी सुकतात. गडावर गुरं मात्र उदंड होती, आसपासच्या लोकांनी ती वर आणून कोंडली होती. एरवी शेण म्हणजे जळण. पण गोवरी उन्हात थापायची वस्तू. श्रावणात थापाल तर भिंतीवरून ओघळून खाली येते. ढीगभर शेण आणि पेटवायला काही नाही, अशी मामाची गत.

शेणाचा हा ढीग पुढे महागात पडला असं लेखक सांगतात. गडावर रोगराई झाली, माणसं कमरेखाली लुळी पडू लागली, डोळ्यांना दिसेनासं झालं, आणि दोष दिला गेला गुरांच्या दाटीने बिघडलेल्या हवेला. असेलही. पण मला त्या यादीत ताटाचं वर्णन दिसतं. महिनोन्महिने कोठारातलं कोरडं धान्य, कोरडी डाळ, खारवलेलं काहीतरी. भाजी नाही, फळ नाही. आजचा कुठलाही डॉक्टर पाय आणि डोळे गेल्याचं ऐकल्यावर काय खाता, हे आधी विचारेल.

आषाढात मामाला ही अडचण नसेल. पाऊस पडला की तटाच्या कडेने, तलावाच्या काठाने तरोटा उगवतो. कोवळा पाला खुडून, उकडून, पिळून डाळीत घातला की झाली भाजी. चार पोरं पाठवली की पाटीभर आणतील. घोळ असते, तांदुळजा असतो. पण तरोट्याचा पाला कोवळा असतो तेवढे दिवसच. भाद्रपदात पिवळी फुलं येतात, शेंगा लागतात, पाला कडवट आणि चिवट होतो. शिवाय डोंगरमाथा तेवढाच, खुडणारे हात हजारो, त्यात गुरं. खाली तापीकाठच्या मळ्यांतली वांगी आणि भोपळे वरून दिसत असतील, पण मधे मोगलांचे मोर्चे.

त्यामुळे कोठार भरलेलं आणि पंगत आजारी, असं गणित जुळतं. किल्लेदार मोजणार धान्याची पोती. ती संपत नाहीत म्हणून तो निर्धास्त. आज किती जणांनी कण्या अर्ध्यावर टाकल्या, कोण वाडगं धरताना चाचपडला, पंगतीला भिंत धरून कोण आला, हे वाढणाऱ्यालाच दिसतं. पण सल्लामसलतीला वाढप्याला कोण बोलावतो?

१७ जानेवारी १६०१ ला गड अकबराच्या हाती आला. पोर्तुगीज पाद्री म्हणतात पैसे चारून, दरबारी लेखक म्हणतात रोगराईने. जिंकलेल्या फौजेलाही भूक लागतेच, तेव्हा मामाला दुसऱ्याच दिवशी कामाला जुंपलं असणार. नवा अंमलदार विचारत असेल, काय काय लागेल ते सांग. मामा कोठाराकडे बघतसुद्धा नाही. "दोन गाड्या वाळलेली बाभूळ," तो म्हणतो, "आणि खालून मेथी मागवा. जितकी मिळेल तितकी."