पाहुणे पाऊण तास उशिरा येणार होते

मी लोकांच्या घरी जाऊन सणासमारंभाचं जेवण करून देते. त्या दिवशी चौदा माणसांचं जेवण होतं आणि ताटं दुपारी १ वाजता वाढायची होती. गरम पदार्थ सात: ओव्हनमध्ये भाजलेल्या दोन अख्ख्या कोंबड्या, भाजलेले बटाटे, दाट रस्सा, भात, फरसबी, भाज्यांचे तळलेले काप आणि पाव. गोड थंडच खायचं होतं, ते आदल्या दिवशीच झालं होतं. हाताशी एक ओव्हन, चार बर्नर आणि मदतीला एक मुलगी.

घरच्या काकूंनी सकाळीच विचारलं, "सगळं अकरापर्यंत करून ठेवलं आणि मग नुसतं गरम केलं तर?" हे बहुतेक घरी विचारलं जातं. पण गरम करायलाही शेगडीच लागते. गार झालेला चौदा माणसांचा रस्सा तळाला न लागता उकळायला सहज पंधरा-वीस मिनिटं जातात. सात पदार्थ एकाच वेळी गरम करायचे तर चार बर्नर पुरत नाहीत, आणि तळलेले काप व बटाटे तर परत गरम केल्यावर पहिल्यासारखे होतच नाहीत.

म्हणून मी पदार्थ शिजायला किती वेळ घेतो याच्या आधी, तो शिजल्यावर किती वेळ थांबू शकतो हे बघते. दाट रस्सा झाकून मंद आचेवर तासभरही थांबतो. जाड बुडाच्या पातेल्यातला भात, झाकणाखाली कोरडं फडकं घातलं तर अर्धा तास उत्तम राहतो. वाफेचं पाणी फडकं शोषतं आणि वरचा थर चिकट होत नाही. अख्ख्या कोंबडीला तर थांबावंच लागतं. ओव्हनमधून काढल्या काढल्या कापली तर रस फळीवर वाहून जातो. ती अर्धा-पाऊण तास फॉइलखाली सैलसर झाकून मुरू द्यायची. एवढा आकार लवकर गार होत नाही, उलट पहिली काही मिनिटं आतलं तापमान तीन-चार अंशांनी वर चढतं.

दुसऱ्या टोकाला काप. पाच-सात मिनिटांत त्यांचा कुरकुरीतपणा जातो, आणि झाकले तर त्याहून लवकर, कारण स्वतःच्याच वाफेत ते मऊ पडतात. फरसबी मधल्या गटातली, पण तिला सोपी वाट आहे: सकाळी मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग निथळून बाजूला. शेवटी गरम पॅनमध्ये दोन मिनिटं परतली की ती हिरवीगार आणि वाफाळती मिळते.

या हिशोबाने १ वाजल्यापासून मागे मोजत आले. बटाट्यांना २२० अंशांवर चाळीस मिनिटं हवीत, कोंबड्यांना १९० वर जवळपास पावणेदोन तास. ओव्हन एकच, पण कोंबड्या बाहेर मुरत असताना तो रिकामाच असतो. म्हणजे कोंबड्या साडेदहाला आत, सव्वाबाराला बाहेर, आणि त्याच क्षणी बटाटे आत. त्या दिवसाचं सगळं वेळापत्रक या एका अदलाबदलीवर उभं होतं. बटाटे सकाळीच उकडून, कडा जरा भुसभुशीत होईपर्यंत हलवून, पसरून वाळवून ठेवले होते. पृष्ठभाग कोरडा असला की चाळीस मिनिटांत ते खरपूस होतात, ओला असला तर तासभरही पुरत नाही.

अनोळखी ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर मी विसंबत नाही. गेल्या गेल्या तो तापत ठेवला आणि जाळीवर माझा ओव्हन थर्मामीटर टांगला. बटण १९० वर आणि आत १७०. वीस अंशांचा फरक म्हणजे कोंबडीला वीस-पंचवीस मिनिटं जास्त, आणि तेवढाच उशीर पुढच्या प्रत्येक गोष्टीला. मग बटण २१० वर नेलं. यापुढे जे आकडे सांगते आहे ते आतल्या खऱ्या तापमानाचे.

सगळं वेळेत चाललं होतं. अकरा पस्तीसला काकू फोन हातात घेऊन आत आल्या. पाहुण्यांची गाडी वाटेत अडकली होती. ते पावणेदोनच्या आत येत नव्हते.

अशा वेळी आपसूक हात जातो तो गॅस बंद करण्याकडे. मी आधी प्रत्येक पदार्थ कुठे उभा आहे ते पाहिलं. भाताचे तांदूळ भिजत होते. आणखी पाऊण तास भिजले असते तर दाणे तुटले असते, म्हणून मुलीला ते लगेच निथळून झाकून ठेवायला सांगितलं. तेलाखाली गॅस पेटवलाच नव्हता. फरसबी बर्फातून निघून कोरडी झाली होती, बटाटे ताटात, रस्सा थांबू शकणारा. अडचण फक्त कोंबड्यांची होती. मांडीच्या सर्वात जाड भागात, हाडाला न टेकवता सळईचा थर्मामीटर घातला तर ५५ अंश.

कोंबडी ठरल्या वेळी सव्वाबाराला काढली असती तर दीड तास बाहेर राहिली असती आणि कोमट झाली असती. हा फक्त चवीचा प्रश्न नाही. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या खाली रेंगाळलं की जंतू वाढायला लागतात. काढून परत ओव्हनमध्ये गरम ठेवायची, तर तिला हवे साधारण ८० अंश आणि बटाट्यांना २२०, आणि ओव्हन एकच. ओव्हन बंद करून अर्धवट शिजलेली कोंबडी तशीच ठेवणं तर मी कधीच करत नाही. कच्चेपणातले जंतू मरण्याआधी तिला उबेत तासभर बसवणं धोक्याचं आहे.

म्हणून तिला थांबवली नाही, हळू केली. दार अर्धा मिनिट उघडं ठेवून उष्णता काढली आणि ओव्हन १३० वर आणला. मांस किती भरभर तापतं हे आजूबाजूची हवा त्याच्यापेक्षा किती गरम आहे यावर ठरतं. मांस ५५ वर आणि हवा १९० वर होती तेव्हा फरक १३५ अंशांचा होता. १३० वर तो ७५ वर आला, म्हणजे जवळजवळ निम्मा. जे वीस अंश चाळीस मिनिटांत चढले असते त्यांना आता सव्वा तास लागणार होता. कोंबडी शिजत राहणार, गरम राहणार, आणि एकच्या सुमाराला तयार होणार.

मुलगी म्हणाली, "ताई, पण वरचं कातडं मऊ पडेल ना?" तिचं बरोबर होतं. पण बटाट्यांसाठी ओव्हन २२० पर्यंत न्यायचाच होता. तो पावणेएकला, कोंबड्या आत असतानाच चढवायला घेतला. शेवटच्या दहा-बारा मिनिटांत कातडं पुन्हा तडतडीत झालं. एक वाजता मांडीत ७६ अंश दिसले. ७४ ला कोंबडी खायला सुरक्षित होते, मी दोन अंश वर जाऊ देते. त्याच वेळी तेल घालून तापवलेला बटाट्यांचा ट्रे आत गेला. टाकताना चर्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर बटाटे ट्रेला चिकटणार हे समजावं.

भात एक पाचला चढवला. कोंबड्यांखाली साठलेला रस, वरची चरबी काढून, रश्श्यात ओतला. रस्सा इतका वेळ मंद आचेवर राहून आळला होता, म्हणून त्यात कपभर उकळतं पाणी घातलं. गार पाणी घातलं असतं तर तो पुन्हा वर यायला एक बर्नर दहा मिनिटं अडकला असता.

मग खरी कसोटीची वेळ आली, शेवटची वीस मिनिटं. इथे बर्नर कमी पडत नाहीत, हात कमी पडतात. दोन कोंबड्या कापायला मला दहा मिनिटं लागतात, आणि कापलेले तुकडे अख्ख्या कोंबडीपेक्षा कितीतरी भरभर गार होतात. काप तीन घाण्यांत निघणार होते. एक घाणा चार मिनिटांचा, आणि मध्ये तेल परत १८० वर यायला दोन मिनिटं. म्हणजे सोळा मिनिटं एक माणूस कढईपाशी बांधलेला. तेल गार असताना पुढचा घाणा टाकला तर बुडबुडे सुस्त येतात आणि काप तेल पितात. मी मुलीला तेवढंच काम दिलं आणि दुसरं काहीही सांगितलं नाही.

पाहुणे एक चाळीसला आले, तोपर्यंत पहिला घाणा निघाला होता. बटाटे खरपूस झाले होते. ओव्हन बंद करून दार बोटभर उघडं ठेवलं, वरच्या कप्प्यात बटाटे, खाली जाळीवर न झाकता काप, आणि कडेला फॉइलमध्ये गुंडाळलेला पाव. पाव शेवटची पाच मिनिटंच, नाहीतर कडक होतो. काकूंनी ताटं सिंकमध्ये कढत पाण्यात बुडवून पुसून दिली. ही ताटं थंड असली तर आधीची सगळी धडपड वाया जाते, कारण पातळ थराने वाढलेलं अन्न आपली उष्णता आधी ताटाला देतं.

भांडी बाहेर नेण्याचा क्रमही तोच ठेवला, थांबणारं आधी. झाकलेला भात, मग बटाटे, मग पॅनमधून सरळ आलेली फरसबी, मग कोंबडी, आणि तिच्यावर लगेच उकळता रस्सा, म्हणजे कापलेल्या तुकड्यांनी घालवलेली ऊब परत मिळते. सर्वात शेवटी काप, शेवटच्या घाण्याचे वर. टेबलावर ठेवण्याआधी सवयीने सळई लावून पाहिली: कोंबडी ६३, भात ७० च्या वर.

एक पन्नासला सगळे जेवायला बसले होते. साडेतीनच्या आत उरलेला भात आणि कोंबडी मी उथळ डब्यांत पसरून फ्रीजमध्ये लावली. खोल पातेल्यात भात तसाच ठेवला की मधला भाग तासन्‌तास उबदार राहतो. निघताना काकूंच्या ओव्हनच्या बटणाशेजारी चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं: "वीस अंश जास्त ठेवा."