पाच दिवसांचा कोर्स

दुकानातून गोळ्यांचं पाकीट घेतलं की सोबत कंपनीचं माहितीपत्रक बहुतेक वेळा येत नाही. एका खोक्यात दहा-वीस पाकिटं असतात आणि त्या सगळ्यांत मिळून घडी घातलेलं एकच पत्रक. ते मागून घेणारा माणूस काळजी करणारा असतो, हे मी रुग्णालयाच्या औषध माहिती कक्षात बसून शिकले आहे. अशी माणसं पत्रकाचा फोटो पाठवतात आणि आम्ही त्यातून एक पानी मराठी मजकूर करून देतो: गोळी किती आणि कधी घ्यायची, काय टाळायचं, कोणता त्रास होऊ शकतो, ठेवायची कुठे.

त्या गुरुवारी पुण्याहून एका मुलाने आईच्या गोळीचं पत्रक पाठवलं. आई गावी, सांधेवाताने बोटं सुजलेली, मोठ्या डॉक्टरांनी नवीन गोळी सुरू केलेली. निरोप असा होता: ‘मॅडम, आज पाच दिवस पूर्ण होतात. मग बंद करायची की पुढचं पाकीट आणायचं? आणि सोप्या मराठीत लिहून द्याल का?’

फोटोत औषधाचं नाव होतं मेथोट्रेक्सेट. सांधेवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. पाच दिवसांचा कोर्स असा प्रकारच नाही.

मी लिहायला न बसता आधी फोन लावला. चिठ्ठीवर घाईत ‘MTX 7.5’ आणि पुढे काहीतरी खरडलेलं होतं, ते कुणालाच लागलं नव्हतं. दुकानदाराने २.५ मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या दिल्या आणि ‘एका वेळी तीन’ एवढंच सांगितलं. किती दिवसांनी, ते त्याने सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. औषधांची अशी संक्षिप्त नावं चिठ्ठीवर लिहू नयेत हे किती वर्षं सांगितलं जातंय, तरी लिहितात, आणि मला त्याचा संताप येतो. मुलाने मग पत्रकाचा आधार घेतला. मी पाकिटाचा फोटो मागवला. दहापैकी नऊ खळगे रिकामे होते. सोमवार, मंगळवार, बुधवार, रोज तीन. पाच दिवसांचा हिशोब त्याने खरेदीपासून, म्हणजे रविवारपासून धरला होता. पहिली गोळी सोमवारी पोटात गेली होती.

‘आईंच्या तोंडात काही होतंय का?’ मी विचारलं. कालपासून जिभेच्या कडा सोलल्यासारख्या झाल्यात, आमटी झोंबते, असं उत्तर आलं.

एका आठवड्यात एकूण २२.५ मिलिग्रॅम हा आकडा ऐकायला फार मोठा नाही. काही रुग्ण एवढा डोस आठवड्याच्या ठरलेल्या वारी घेतातही. घातक ठरतं ते रोज घेणं. पेशींना विभागण्यासाठी फोलेट हे जीवनसत्त्व लागतं, आणि हे औषध ते त्यांना वापरू देत नाही. तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, हाडांतला रक्त तयार करणारा मगज, इथल्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून त्यांना पहिला फटका बसतो. एका डोसनंतर पुढचे सहा दिवस त्यांना सावरायला मिळतात. रोज गोळी गेली की ती उसंतच जाते. तोंडातले फोड वरून दिसतात. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होणं दिसत नाही, आणि ते बऱ्याचदा आठवडाभराने उघड होतं. म्हणून तोंड बरं वाटलं तरी थांबून चालत नाही.

गोळी लगेच बंद करून आजच दवाखाना गाठा आणि ते पाकीट सोबत न्या, असं सांगितलं. तिथल्या डॉक्टरांशीही मी बोलले. त्यांनी रक्तपेशींची मोजणी केली आणि क्रिएटिनिन पाहिलं, कारण हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मग उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड सुरू केलं आणि पुढच्या आठवड्यात मोजणी पुन्हा करायला लावली. पेशी थोड्या उतरल्या, धोक्याच्या पातळीपर्यंत गेल्या नाहीत. फोड भरून आले.

नंतर मी तो फोटो मोठा करून नीट पाहिला. असं पत्रक मुळात रुग्णासाठी लिहिलेलंच नसतं. डॉक्टर, रुग्णालय आणि प्रयोगशाळेसाठी, असं त्याच्या माथ्यावर छापलेलं असतं. डोसचा भाग कर्करोगापासून सुरू होत होता. पहिली ओळ कोरिओकार्सिनोमाची: रोज १५ ते ३० मिलिग्रॅम, पाच दिवस. त्या आजाराचं नाव नेमकं घडीवर आलं होतं आणि त्यावर ट्यूबलाइटची चकाकी पडली होती. ‘रोज’ आणि ‘पाच दिवस’ तेवढं स्वच्छ दिसत होतं. सांधेवाताचा साप्ताहिक डोस कागदाच्या मागच्या बाजूला होता आणि त्या बाजूचा फोटो त्याने काढलाच नव्हता. पातळ कागदातून तिकडची शाई उलटी उमटलेली दिसत होती, तेवढीच. मुलगा इंजिनियर. त्याचा तर्क चुकला असं मला म्हणवत नाही: ‘कागदावर १५ ते ३० आहे, आईला साडेसातच दिलंय, म्हणजे कमीच.’

तेव्हापासून मी एका फोटोवरून काही लिहीत नाही. पत्रक काचेखाली सपाट, दिवसाच्या उजेडात, दोन्ही बाजू, पाकिटाची नावाची आणि मुदतीची बाजू, डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीवर आजार नसेल तर डॉक्टरांना फोन. आजार कळल्याशिवाय डोसचा भाग लिहिताच येत नाही.

डॉक्टरांनी नंतर गोळी पुन्हा सुरू केली, तेव्हा आईंसाठी पान केलं. पहिली ओळ: ‘फक्त सोमवारी. तीन गोळ्या एकदम. इतर कोणत्याही दिवशी नाही.’ ‘आठवड्यातून एकदा’ एवढ्यावर मी भागवत नाही, वार लिहितेच. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने या औषधाच्या खोक्यावर साप्ताहिक डोसची ठळक सूचना सक्तीची करायचं ठरवलं, ते अशाच चुका होत राहिल्या म्हणून. त्याखाली: फोलिक ॲसिड बुधवारी. सोमवार चुकला तर दुप्पट न घेता फोन करा.

‘काय टाळायचं’ यात कोट्रायमॉक्साझोल सर्वांत वर ठेवलं. लघवीच्या जंतुसंसर्गाला ते दिलं जातं, तेही फोलेटवरच घाव घालतं, आणि दोन्ही मिळून रक्तपेशी पार खाली आणू शकतात. मग मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, दारू. घरात गरोदर सून आहे, म्हणून तिने या गोळ्या हाताळू नयेत ही ओळ आली.

त्रासांची यादी पत्रकात पाऊण पान होती. मी ती काय करायचं त्यानुसार मांडली. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला व धाप, अंगावर निळे डाग: पुढची गोळी थांबवा, त्याच दिवशी दवाखाना. मळमळ, थकवा: पुढच्या भेटीत सांगा. ठेवायचं कसं, यात उजेड आणि ओल टाळण्यासोबत पाकीट कापून न घेण्याचं लिहिलं, कारण कापताना मुदतीची तारीख जाते. फोलिक ॲसिड वेगळ्या डबीत. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. पानातून मी कर्करोगाचे सगळे डोस काढून टाकले, कारण त्यातल्याच एकाने घात केला होता. पण नाव मोबाइलवर शोधलं की पहिल्यांदा कर्करोगच दिसतो. मग माणसं घाबरून चांगली लागू पडलेली गोळी सोडतात आणि सांधे वाकडे होत जातात. म्हणून एक वाक्य ठेवलं: ‘हेच औषध कर्करोगात वेगळ्या प्रमाणात देतात, तुम्हाला ते सांधेवातासाठी दिलं आहे.’ मुलगा म्हणाला, आईला ही ओळ दाखवू नका. डॉक्टर म्हणाले, ठेवा. मी ती ठेवली, पानाच्या मागच्या बाजूला. आता वाटतं, महत्त्वाचं वाक्य मागच्या बाजूला गेलं की काय होतं ते मी याच घरात पाहिलंय. पुढच्या पानात ते पुढे आणणार आहे, फक्त सोमवारच्या ओळीला धक्का न लावता ते कुठे बसवायचं, हे अजून ठरत नाहीये.