v05 आणि ‘ओके’

ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे आमच्या डीटीपीवाल्यांचा अहवालांचा हंगाम. मार्चअखेरचे हिशेब तपासून होतात, पतसंस्थांच्या वार्षिक सभा लागतात आणि बेळगाव, खानापूर भागातले सेक्रेटरी पेनड्राईव्ह घेऊन दारात उभे राहतात. मराठी मजकूर एका फॉन्टात, कन्नड दुसऱ्यात. म्हणून प्रेसला जाण्याआधी सगळं कर्व्ह करतो. कर्व्ह केल्यावर अक्षरं नुसती चित्रं होतात, शोधून काही सापडत नाही.

फोल्डरच्या बाबतीत मी जरा कर्मठच आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन अक्षरी खूण, तिच्या पोटात चार फोल्डर: आलेलं, काम, प्रूफ, प्रेस. फाईलचं नाव असं:

```
MAL_ahaval_2024-08-19_v05.cdr
```

वर्ष पुढे, कारण दिवस पुढे लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या पाच तारखा शेजारी बसतात. `final` हा शब्द माझ्याकडे बंद. प्रूफ गेलं की तो नंबर गोठला, नंतर एक मात्रा बदलली तरी नवा नंबर. आधी जिथे काम करत होतो तिथे `final_navin_OK2` असायचं आणि मालकाला त्यात काही वावगं वाटत नसे.

तरीही त्या दिवशी गोंधळ झाला, आणि नावं सगळी बरोबर होती.

दोन संस्थांचे अहवाल एकाच वेळी चालू होते. दुसरा मी पहिल्यावरूनच बेतला होता. मांडणी तीच, पानं तेवढीच. दुपारी पहिल्या संस्थेला v04 पाठवलं. संध्याकाळी सेक्रेटरी काकांचा फोन: “लाभांश आठ नव्हे, दहा टक्के धर. बोर्डात ठरलं की आत्ता.” लाभांश बदलला की नफा वाटणीचा अख्खा तक्ता हलतो, राखीव निधी वगळता खालचे निधी कमीजास्त करून बेरीज निव्वळ नफ्याला आणावी लागते. आकडे त्यांनी फोनवरच सांगितले. दुसऱ्या संस्थेची फाईल शेजारच्या टॅबमध्ये उघडीच होती, तिच्या तक्त्यात लागणारी जादा ओळ तयार होती. म्हटलं, तक्ता उचलू आणि आकडे बदलू. तक्ता उचलून चिकटवला, तेवढ्यात लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक आलं. परत बसलो तेव्हा तक्ता नवा दिसत होता, जादा ओळ होती, दहा टक्केही होते, कारण त्या संस्थेचाही लाभांश दहाच. v05 म्हणून सेव्ह केलं, पीडीएफ पाठवली. पंधरा मिनिटांत काकांचं उत्तर: “ओके. छापा.”

दुसऱ्या दिवशी शहापूरच्या प्रेसवर मशीन चालू झालं. तिथला मशीनमन कन्नड बोलणारा, मराठी जेमतेम वाचतो. पण पहिले कागद निघाले की एक तरी घडी घालून पानांचा क्रम बघतो. त्या दिवशी दुसरं काम आटोपून बघायला थोडा उशीर झाला. घडीत १० आणि ११ समोरासमोर येतात. दहाव्या पानावर निव्वळ नफा १८,४२,३१०, अकराव्यावर वाटणीची बेरीज २३,०७,६५५. त्याने मशीन थांबवून मला फोन केला. तोवर चारशे कागद गेले होते. एक प्लेट आणि तो कागद माझ्या खिशातून.

काकांना विचारलं, ओके कसं म्हणालात? त्यांनी मोबाईल पुढे केला. उघडलेली होती दुपारची v04. “मी बघितलं की रे, नीटच होतं!” होतंच.

अजून डोक्यातून जात नाही. फाईलच्या नावाने फाईल चुकत नाही, पण पोटात दुसऱ्याचं काही चिकटवलं तर नाव काय करणार? आणि नंबर माझ्या फोल्डरमध्ये होता, त्यांच्या ‘ओके’त नव्हता.

आता एका वेळी एकाच गिऱ्हाइकाची फाईल उघडी. प्रत्येक नंबराबरोबर `badal.txt` मध्ये ओळ: `v05 p11 labhansh 8 te 10, phone`. आणि बदललेलं पान मागच्या नंबराच्या पानावर ठेवून खिडकीच्या काचेला लावतो. सांगितलं तेवढंच हललेलं दिसलं पाहिजे, बाकी ओळीवर ओळ बसली पाहिजे. त्या दिवशी लावलं असतं तर अर्धं पान दुहेरी दिसलं असतं. पानाच्या कटाबाहेरही खूण आणि नंबर बारीक अक्षरात छापतो, आणि “नंबर लिहून ओके करा” असं प्रत्येकाला सांगतो.

परवा काकांना नव्या पासबुकाचं v02 पाठवलं. उत्तर आलं, “ओके.” विचारलं, “कुठल्याला, काका?”

“पाठवलास की, त्यालाच!”