आवाजाच्या पेटीचा कॅन्सर: स्टेज कशी ठरली आणि पेटी कशी वाचली, माझा अनुभव

मी बाजार समितीत कांद्याचे लिलाव पुकारतो, म्हणजे घसाच माझं भांडवल. आवाज बसणं आमच्याकडे रोजचंच, सीझन संपला की सुटतो. यावेळी सुटला नाही. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गुळण्या झाल्या, शेवटी त्यांनीच सांगितलं की तीन आठवड्यांवर आवाज घोगरा राहिला आणि माणूस बिडीवाला असेल तर दुर्बीण घालून बघायलाच पाहिजे, उगाच औषधं बदलत बसू नका.

कान-नाक-घसावाल्यांकडे नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि समोरच्या स्क्रीनवर मला माझ्याच स्वरतंतू दिसल्या. दोन पांढऱ्या पट्ट्या असतात, श्वास घेताना उघडतात, बोलताना एकमेकींना चिकटतात. डॉक्टर म्हणाले "ई म्हणा". उजवी पट्टी सरसर मध्ये आली, डावी मात्र होती तिथेच, आणि तिच्यावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं खडबडीत काहीतरी. मग जोरात हुंगायला लावलं, तेव्हा उजवी पट्टी उघडून बाजूला सरकली, डावी तशीच. डॉक्टरांनी तेवढाच व्हिडिओ परत परत लावून बघितला. मला वाटत होतं हे गाठीचा आकार मोजत असतील, पण ते डावी तंतू हलतेय का ते बघत होते.

कारण या आजाराची स्टेज नुसत्या सेंटीमीटरवर ठरत नाही. गाठ तंतूपुरती आणि तंतू नीट हलतेय तर टी वन. वर-खाली पसरली किंवा हालचाल मंदावली तर टी टू. तंतू पूर्ण जाम झाली तर टी थ्री, मग गाठ दिसायला लहान का असेना, कारण जाम झाली म्हणजे ती आतल्या स्नायूत किंवा सांध्याकडे घुसलीय. आणि पुढचं कुर्चेचं हाड (गळ्यावर हाताला लागतं ते) आरपार फोडून गाठ बाहेर आली तर टी फोर ए. टी वनला नुसतं लेझर किंवा नुसतं रेडिएशन पुरतं, टी फोर ए ला बहुतेक वेळा पूर्ण पेटी काढून नंतर रेडिएशन देतात. माझं घोडं अडलं ते बरोबर टी थ्री आणि टी फोरच्या मध्ये.

पहिल्या ठिकाणी सीटी स्कॅनच्या रिपोर्टात लिहून आलं की कुर्चा खाल्लेली दिसते. बायोप्सीत कॅन्सर होताच. तिथले सर्जन म्हणाले पेटी काढावी लागेल, गळ्याला कायमचं भोक राहील, तारीख घ्या. बायको तिथेच रडायला लागली. माझा मेव्हणा मुंबईला असतो, तो म्हणाला तारीख घेऊन ठेव पण एकदा मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलला सीडी घेऊन ये, नुसता रिपोर्ट आणू नको, सीडी आण.

सीडी नेली ते फार बरं झालं. तिथे सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले आणि स्कॅन वाचणारे असे सगळे एकत्र बसून केस बघतात. स्कॅनवाल्या मॅडमनी मला स्क्रीनवर दाखवलं, ही कुर्चा वयानुसार हाडासारखी कडक होत जाते पण सगळीकडे सारखी होत नाही, मध्ये मध्ये मऊ राहते, आणि तो मऊ भाग सीटीत गाठीसारखाच दिसतो, म्हणून खाल्लीय असं वाटू शकतं. शिवाय माझं स्कॅन बायोप्सीनंतर काढलेलं, तिथली सूज पण त्यात आली होती, म्हणून स्कॅन आधी आणि बायोप्सी नंतर केलेली बरी असते. मग एमआरआय केला. गाठ कुर्चेच्या आतल्या थरापर्यंत होती, बाहेरचा थर शाबूत. मानेत गाठी नाहीत, छाती साफ. म्हणजे टी थ्री.

मी म्हटलं सुटलो, तर रेडिएशनचे डॉक्टर म्हणाले थांबा दादा, अजून एक बघायचंय. पेटीचं काम नुसतं बोलणं नाही, गिळताना अन्न-पाणी श्वासनळीत जाऊ न देणं हे तिचं पहिलं काम. ते काम आधीच बिघडलेलं असेल, सारखा ठसका लागतो, पाणी फुफ्फुसात जातं, श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागलीय, तर असली पेटी वाचवून पेशंटचे हालच होतात, पोटात नळी घालून जगावं लागतं आणि न्यूमोनिया परत परत होतो. म्हणून दुर्बीण आत ठेवूनच मला रंगीत पाणी, मग दही, मग बिस्किट खायला दिलं. काही आत गेलं नाही. तेव्हा कुठे पेटी वाचवायचं ठरलं.

त्याच दिवशी स्पीच थेरपिस्ट ताईंनी आवाज रेकॉर्ड केला, एका दमात "आ" किती वेळ निघतो ते घड्याळ लावून मोजलं. मला वाटलं हे सगळं संपल्यावर असतं, पण गिळण्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून लावले. एक तर विचित्रच, जीभ पुढच्या दातात धरून आवंढा गिळायचा. तोंडाने खाणं पूर्ण बंद केलं की गिळायचे स्नायू आखडतात, म्हणून थोडं का होईना रोज गिळाच असं ताई बजावायच्या.

प्लॅन असा: 35 वेळा रेडिएशन, आठवड्याला पाच, म्हणजे सात आठवडे, एकूण डोस 70 ग्रे, आणि सोबत दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. त्याआधी दात तपासले, किडनीचं रक्त आणि कानाची टेस्ट झाली, कारण या औषधाने दोन्हीला धक्का बसतो. बिडी बंद, ती चालू ठेवली तर रेडिएशनचा असर कमी होतो.

पहिले दोन आठवडे काहीच वाटलं नाही. मग तोंडाला फोड, लाळ चिकट, मान काळी पडली, आणि आवाज आधी होता त्याहून बसला. शेवटी शेवटी तर गेलाच. घाबरू नका, आत सूज आहे, असं सांगितलं होतं म्हणून निभावलं. कुजबुजून बोलायचं नाही, त्याने तंतूंवर उलट ताण येतो, हळू पण आवाजात बोलायचं किंवा पाटीवर लिहायचं. भात-ताक मिक्सरला लावून दिवस काढले.

संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी, कुठे कॅन्सर उरलाय का ते बघायचा पेट स्कॅन झाला, त्याआधी केला तर सूज आणि आजार यातला फरक कळत नाही म्हणे. गाठ दिसली नाही, आणि दुर्बिणीत डावी तंतू हलत होती, थोडी सुस्त पण हलत होती. आवाज खरखरीत आलाय, वरची पट्टी गेली. लिलाव पुकारतो, "अकराशे, अकराशे पन्नास" म्हणतो, पण माईक लावून, आणि व्यापारी म्हणतात आता तरी कानठळ्या बसत नाहीत.

वेटिंगमध्ये एक रिटायर्ड मास्तर भेटायचे, त्यांचं टी फोर ए, पेटी काढलेली. श्वासनळी आणि अन्ननळीच्या मधल्या भिंतीत छोटा झडपेचा व्हॉल्व्ह बसवलाय, गळ्यावरच्या भोकावर अंगठा ठेवला की फुफ्फुसातली हवा तिकडून घशात जाते आणि तिथला भाग थरथरून आवाज निघतो. जाडसर, पण फोनवर पण नीट कळतो, माझ्यापेक्षा स्पष्टच म्हणा ना. व्हॉल्व्ह गळायला लागला, चहा पिताना ठसका लागला की बदलायची वेळ झाली. त्यांना भेटल्यावर पेटी काढणं म्हणजे मुकं होणं नाही हे मला पटलं, आणि उद्या माझं परत आलं तर काढावी लागेल याची धास्ती पण कमी झाली. फक्त रेडिएशननंतरच्या ऑपरेशनला जखम भरायला वेळ लागतो, लाळ झिरपायचा धोका जास्त, हे डॉक्टरांनी आधीच सांगून सही घेतली होती.

आता पहिल्या वर्षात एक-दोन महिन्यांनी दुर्बीण, आणि अधूनमधून थायरॉईडची टेस्ट, कारण मानेला रेडिएशन मिळालं की तो मंद पडू शकतो. आवाज परत बिघडला, कानात दुखलं किंवा गिळताना अडकलं तर तारखेची वाट न बघता यायचं असं फाईलवर लाल पेनाने लिहून दिलंय.