एकोणतीस पानं, आठ स्लाइड आणि दोन टेबलं

एमबीएच्या दुसऱ्या सेमिस्टरला आमच्या गटाला मदुराईच्या अरविंद नेत्रालयाची केस स्टडी मिळाली. तक्त्यांसकट एकोणतीस पानं, आणि सांगायचं आठ स्लाइडमध्ये. गटप्रमुखानं व्हॉट्सॲपवर पानांची वाटणी करून टाकली: प्रत्येकानं आपापल्या पानांचा सारांश आणायचा. ह्या वाटणीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पानं वाटली की प्रत्येकाला आपलं पान प्यारं होतं आणि केस कुठंच उरत नाही.

वर्गात सगळ्यांनी, सरांनी तर नक्कीच, केस वाचलेली असते. तिथं गोष्ट पुन्हा सांगायची नसते, केसमधला निर्णय सांगायचा असतो. आमच्यापुढचा प्रश्न होता, हे काम दुसऱ्या गावांत कसं न्यायचं? तो पहिल्याच स्लाइडवर घातला. डॉ. वेंकटस्वामींनी निवृत्तीनंतर 1976 मध्ये 11 खाटांवर सुरुवात केली, ही पार्श्वभूमी दोन ओळींत संपली. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या शिलकीतून मोफत रुग्णांचा खर्च निघतो, हेही एका स्लाइडवर नीट बसलं.

अडलो ते ऑपरेशन थिएटरवर. त्या भागाच्या तीन स्लाइड झाल्या होत्या: एक खोलीच्या नकाशाची, एक कर्मचाऱ्यांच्या कामांची आणि एक वर्षवार तक्त्याची. तक्ता जसाच्या तसा चिकटवलेला, आकडे मुंगीएवढे. ज्याची ती पानं होती तो एकही सोडेना. "अरे, मग माझं काय राहिलं?" हेच पालुपद. रामबागेत एका मैत्रिणीकडे बसलो होतो. काकूंचे पोहे आले, प्रिंटआउटवर जिरावण सांडलं, तरी आम्ही तिथंच.

शेवटी मी एक पाठकोरा कागद घेतला आणि विचारलं, ह्या तीन स्लाइडमधून एकच वाक्य सांगायचं तर कुठलं? बराच वेळ कुणी बोलेना. मग ज्याची पानं होती तोच म्हणाला, "सर्जन रिकामा बसत नाही." तेच स्लाइडचं शीर्षक झालं. शीर्षक असं पूर्ण वाक्य असलं की खाली काय ठेवायचं ते आपोआप ठरतं. 'प्रक्रिया' असं लिहिलं की खाली काहीही खपतं.

खाली दोन टेबलं काढली. समजा, शस्त्रक्रियेला दहा मिनिटं लागतात आणि टेबल आवरून पुढच्या रुग्णाची तयारी करायला आणखी दहा. एकच टेबल असेल तर तासाला तीन शस्त्रक्रिया होतात आणि सर्जनचा अर्धा वेळ वाट बघण्यात जातो. शेजारी दुसरं टेबल असेल तर इकडचं संपवून तो तिकडे वळतो, आणि तासाला सहा होतात. हे आकडे आमचे, समजावण्यापुरते. तसं स्लाइडवर लिहिलंही, नाहीतर केसमधले म्हणून कुणीतरी पकडतं.

मग सहज तयारीची दहाची पंधरा मिनिटं करून पाहिली. एका टेबलाची फेरी पंचवीस मिनिटांची झाली, म्हणजे दोन टेबलांवर मिळून तासाला पाचही होईनात. सर्जन पुन्हा रिकामा! म्हणजे सगळी मदार तयारी करणाऱ्या हातांवर आहे. अरविंदमध्ये खेड्यापाड्यांतल्या मुलींना घेऊन ह्याच कामांसाठी तयार करतात, आणि ती माहिती आम्ही 'मनुष्यबळ' म्हणून भलत्याच स्लाइडवर टाकली होती. आमची शिफारस इथेच सापडली: नव्या गावी इमारतीआधी शिकलेली माणसं पोचली पाहिजेत. सहावी आणि सातवी स्लाइड ह्यातूनच निघाली. आठवीवर धोका: शिकवायला जुनी माणसं बाहेर पाठवली तर मदुराईतच तयारीचा वेळ वाढेल.

नकाशा आणि तक्ता फेकले नाहीत, 'धन्यवाद'च्या मागे ठेवले. प्रश्न आला तर उघडायचे. तक्ता उघडावा लागलाच, आणि त्याच मित्रानं झकास उत्तर दिलं.

एक राहिलंच. आमच्यातल्या एकीनं नेटवरून पुढं खरोखर काय झालं ते शोधून स्लाइडवर घातलं होतं. ते काढायला लावलं. केस ज्या वर्षी थांबते तिथं उभं राहून निर्णय घ्यायचा असतो, पुढचं त्या डॉक्टरांना कुठं ठाऊक होतं?

आणि शीर्षकाची स्लाइड आठांत धरायची की नाही, हे आधी सरांनाच विचारून घ्या. नोटिशीत लिहिलेलं नसतं आणि ऑफिसातले म्हणतात, "सर से पूछ लो."